एका शब्दावर चार एकर

नाना माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात सातबाऱ्याचा उतारा होता. मुलासाठी चार एकर जमीन बघून ठेवली होती, उताऱ्यावर 1 हेक्टर 62 आर. विहीर होती, रस्ता लागून होता आणि भाव शेजारच्या जमिनींच्या निम्मा होता. पन्नास हजार इसार देऊन झाला होता. खरेदीखताच्या आधी वकिलाची एकदा नजर पडावी, एवढ्यासाठी ते मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आले होते.

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असं होतं आणि इतर हक्काच्या रकान्यात तीन तुटक शब्द: "खि. मा. इनाम".

"नाना, हे काय आहे विचारलंत का त्यांना?"

"इचारलं की. निजामाच्या काळातलं जुनं इनाम हाय म्हनले. मदतमाश. सरकारनं आता पाच टक्के भरून मोकळं करून दिलंय म्हनले."

विकणारा माणूस खोटारडा नव्हता, हे मला नंतर कळलं. पण त्याने सांगितलेला शब्द आणि कागदावरचा शब्द वेगळे होते. "खि. मा." म्हणजे खिदमतमाश. मदतमाश म्हणजे दुसरंच काही. दोन्हींत "माश" आहे. तो अरबी "मआश", म्हणजे उपजीविका, पोट चालवण्याचं साधन. मदतमाश म्हणजे एखाद्या माणसाला किंवा घराण्याला निर्वाहासाठी मदत म्हणून दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे एखाद्या देवळाची, दर्ग्याची, मशिदीची सेवा करावी आणि त्या सेवेपोटी जमिनीचं उत्पन्न खावं म्हणून दिलेली जमीन. पहिलीत इनाम माणसाला आहे. दुसरीत ते देवस्थानाला आहे, आणि कसणारा माणूस सेवेकरी म्हणून तिथे उभा आहे.

हा फरक केवळ शब्दकोशातला असता तर मी हा लेख लिहिला नसता. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामं रद्द केली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठी असलेली इनामं त्यातून वगळली. मदतमाश या कायद्याखाली आलं, रद्द झालं, जमीन भोगवटादाराकडे गेली आणि हस्तांतरावर बंधन राहिलं. ते बंधन उठवण्याचा नजराणा 2024 मध्ये बाजारभावाच्या पन्नास टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला, तो मदतमाशसाठी. नानांना सांगितलेले पाच टक्के ते हे. खिदमतमाश त्या मापात बसत नाही. ती जमीन देवाची आहे, आणि पुजाऱ्याने खरेदीखत करून दिलं म्हणून घेणाऱ्याच्या पदरात मालकी पडत नाही.

मी नानांना मुंतखब मागवायला सांगितलं. हाही त्यातलाच एक शब्द. मूळ अर्थ "निवडलेला", आणि उर्दूत निवडणुकीला "इंतिखाब" म्हणतात तो याच कुळातला. निजामाच्या राज्यात इनामांची चौकशी होऊन जो निर्णय व्हायचा, त्याच्या उताऱ्याला मुंतखब म्हणत. इनाम कोणाला, कोणत्या प्रकारचं, कोणत्या अटीवर, हे त्यात असतं. ही सगळी इनामं "अतियात" या सदरात मोडतात. अतियात म्हणजे देणग्या. पुष्कळदा मुंतखबाची नक्कल हैदराबादहून आणावी लागते आणि ती वाचायला उर्दू-फारसी जाणणारा माणूस शोधावा लागतो. आम्हाला एक निवृत्त शिक्षक मिळाले. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि दोनदा वाचलं: "मशरूत-उल-खिदमत". सेवेच्या शर्तीवर.

मशरूत आणि शर्त, दोन्हींचं मूळ एकच. शर्त हा शब्द आपल्या तलाठ्याच्या तोंडी रोज असतो: नवी शर्त, जुनी शर्त, शर्तभंग. म्हणजे मुंतखबातला शब्द परका वाटला तरी त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरातच होता. पुढच्या ओळीत मारुतीच्या देवळाच्या दिवाबत्तीचा उल्लेख होता. निजामाचा कागद, भाषा फारसी वळणाची आणि इनाम मारुतीला. हे शब्द एका धर्माचे आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी मराठवाड्यातल्या देवस्थानांचे असे कागद एकदा बघावेत.

माझं म्हणणं असं आहे की जमिनीच्या आणि कोर्टाच्या कागदांतले हे शब्द काढून टाकण्याची जी मागणी अधूनमधून होते, ती चुकीच्या जागी बोट ठेवते. शब्द परका आहे ही अडचण नाही. शब्दाला नेमका कायदेशीर अर्थ आहे आणि तो अर्थ ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे त्याला कोणी सांगत नाही, ही अडचण आहे. शब्द बदलला आणि अर्थ सांगितला नाही, तर नव्या शब्दाखाली जुनाच अंधार राहतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण "कब्जेदार" आहे. जुन्या उताऱ्यांवर जमीनधारकाच्या नावाच्या रकान्याला "कब्जेदाराचे नाव" म्हणत. आजही म्हातारी माणसं "कब्जेदार सदरी माझं नाव हाय" असं बोलतात. आता बाजारात कब्जा म्हणजे काय? कोणीतरी दांडगाईने घुसला, कुंपण घातलं, बसला. त्यामुळे तरुण पोरं आजोबांच्या उताऱ्यावर कब्जेदार वाचतात आणि घाबरतात: आपण मालक नाही की काय, आपण नुसते कब्जा करून बसलो की काय? प्रत्यक्षात जमीन महसुलाच्या भाषेत कब्जेदार हा सरकारला थेट सारा भरणारा मूळ धारक. कूळ वेगळं, सरकारी पट्टेदार वेगळा. बिनदुमाला, म्हणजे सरकारने इनाम देऊन न टाकलेल्या, जमिनीत शेतकऱ्याच्या नावावर असू शकणारा सर्वांत भक्कम हक्क या शब्दात आहे.

पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कब्जेदाराच्या जागी "भोगवटादार" आला. शब्द आपल्या मातीचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण अर्थ पोचला का? शहरातल्या माणसाला भोगवटा म्हटलं की इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आठवतं. गावातल्या माणसाला भोगवटादार म्हणजे भोगणारा, म्हणजे नुसता वापर करणारा, मालक कोणी दुसरा, असं वाटतं. वर्ग 1 आणि वर्ग 2 हे त्याला चांगली जमीन आणि हलकी जमीन वाटतात. वर्ग 1 म्हणजे हस्तांतरावर बंधन नाही आणि वर्ग 2 म्हणजे विकायला किंवा गहाण टाकायला परवानगीची अट आहे, हे त्या रकान्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, शब्द बदलला, आणि माझ्या टेबलासमोर बसणारा माणूस तोच प्रश्न विचारतो: "मंग मालक कोन?"

त्याच कब्जाचा एक भाऊ इनाम निर्मूलनाच्या कायद्यात बसला आहे: "काबिज-ए-कदीम". कदीम म्हणजे पुरातन. इनाम मिळालं त्या वेळी, किंवा इनाम सरकारजमा होण्याआधी निदान सलग 12 वर्षं, जमिनीचा ताबा असणारा आणि इनामदाराला फक्त सारा देणारा, अशा माणसासाठी हा शब्द आहे, आणि इनाम गेल्यावर जमिनीचा हक्क कोणाला, या यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. याचं "पुरातन भोगवटादार" असं भाषांतर केलं तर ऐकायला बरं वाटेल, पण कायद्याने ज्या माणसाकडे बोट दाखवलं तो माणूस त्यातून ओळखू येणार नाही. त्याचा नातू वारस म्हणून कोर्टात उभा राहील तेव्हा त्याला मूळ शब्दच लागेल.

या शब्दांना सरसकट उर्दू म्हणणंही बरोबर नाही. पश्चिम महाराष्ट्रात हे शब्द बहमनी, निजामशाही, आदिलशाही दफ्तरांच्या फारसीतून आले, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकांत. मराठवाड्यात त्यावर आणखी एक थर चढला, कारण हैदराबाद संस्थानात 1880 च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली आणि 1948 पर्यंत राहिली. त्यामुळे एकाच नात्याला दोन भागांत दोन शब्द आहेत. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या कागदात "रामा बिन सखाराम", आमच्याकडे आणि विदर्भात "रामा वल्द सखाराम". दोन्हींचा अर्थ सखारामचा मुलगा रामा.

यातून चुका कशा होतात त्याचंही एक उदाहरण आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या दस्तात "सोना कोम तुकाराम" असं असेल तर सोना ही तुकारामाची बायको. निजामी कागदात "कौम" या रकान्यात जात लिहिलेली असते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकदम सगळ्यांच्या लक्षात आली. पण नुसतं अक्षर लागणं पुरत नाही. हा कोम नात्याचा की जातीचा, हे कळायला तो कागद कोणत्या दफ्तरातला, हे माहीत असावं लागतं.

उलट बाजूनेही तेवढंच खरं आहे. उर्दू उत्तम येणाऱ्यालाही मराठी कोर्टाचा कागद फसवतो, कारण आपण हे शब्द घेऊन त्यांना आपलं काम लावलं. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आपल्याकडे आक्षेप. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, आपल्याकडे स्पष्टीकरण. कैफियत म्हणजे तिकडे अवस्था, इकडे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर. आणि दरखास्त म्हणजे तिकडे साधा अर्ज, विनंती. आपल्या दिवाणी कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून करायचं प्रकरण. इंग्रजीत चालणाऱ्या कोर्टाच्या कागदांवरसुद्धा हा शब्द दरखास्त असाच राहिला आहे.

या एका शब्दापायी एक बाई आपलं घर गमावता गमावता राहिल्या. घराच्या जागेच्या ताब्याचा दावा त्या जिंकल्या होत्या. हुकूमनामा हातात आला, पेढे वाटले. आता कोर्टाचा माणूस येऊन ताबा देईल म्हणून वाट बघत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, दरखास्त द्यावी लागते. त्यांना वाटलं, आता पुन्हा हात जोडून अर्ज करायचा, जिंकलेल्या माणसाने कशाला विनवण्या करायच्या? त्यांचा तो राग मला आजही बरोबर वाटतो, कारण शब्दाचा जो अर्थ त्यांना ठाऊक होता, त्याप्रमाणे त्या वागल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. अशा हुकूमनाम्याच्या बजावणीची मुदत 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे 12 वर्षं. आणखी काही महिने गेले असते तर तो हुकूमनामा कपाटात जपून ठेवण्याचा कागद झाला असता. आम्ही त्याच आठवड्यात दरखास्त दाखल केली.

आणि पुरसिस. फारसीत "पुर्सिश" म्हणजे विचारणा. आमच्या कोर्टात पुरसिस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लिहून दिलेलं छोटं निवेदन. अर्ध्या पानाचा कागद, खाली सही किंवा अंगठा. दिसायला इतका किरकोळ की पक्षकार विचारतही नाही. पण "पुरावा द्यायचा नाही" अशी पुरसिस दिली की पुराव्याची संधी संपते. "दावा काढून घेतो" अशी दिली, आणि नवा दावा करण्याची परवानगी कोर्टाकडून घेतली नसेल, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. सही करणाऱ्याला पुरसिस म्हणजे हजेरी वाटत असते. इथे वकिलांची चूक मोठी आहे आणि मी त्यात स्वतःला धरतो. आम्ही हा शब्द दिवसातून वीस वेळा बोलतो आणि समोरच्याला एकदाही समजावत नाही.

मग यातला एकही शब्द काढू नये का? तसं मी म्हणत नाही. दस्त लिहिताना आम्ही "मजकूर इसम", "सदरहू मिळकत", "दरोबस्त" असले शब्द सवयीने ओढत असतो. मजकूर म्हणजे उल्लेख केलेला, दरोबस्त म्हणजे संपूर्ण. यांच्या मागे कोणताही हक्क, मुदत किंवा बंधन नाही. त्यांच्या जागी "वर सांगितलेला माणूस", "ही जमीन", "सगळीच्या सगळी" असं लिहिलं तर कोणाचं एक गुंठाही इकडचं तिकडे होत नाही. हे शब्द उद्या जावेत. त्याच खरेदीखतात "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप" अशी संस्कृत ओळ असते, तीही विकणाऱ्या-घेणाऱ्याला तितकीच कळत नाही. जमिनीतलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेव, असं तिथे म्हटलेलं आहे. ती ओळ हटवा म्हणून कोणी मागणी करत नाही. म्हणून शुद्धीकरणाच्या मागणीमागे कळण्या-न कळण्याची चिंता किती आणि शब्दाच्या कुळाचा राग किती, हा प्रश्न मला पडतो.

शुद्धीकरणाचा प्रयोग आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच झाला आहे, आणि तोही शिवाजी महाराजांच्या आज्ञेने. राज्यव्यवहारकोशात सुमारे 1400 शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. नव्या राज्याला आपल्या भाषेची प्रतिष्ठा हवी होती. त्यात पेशव्याचा प्रधान झाला, मजुमदाराचा अमात्य झाला. पण पुढच्या शतकात राज्य चालवणारं पद पेशवे म्हणूनच ओळखलं गेलं आणि हिशेब फडणिसाकडेच राहिला. जमिनीचे, साऱ्याचे, इनामाचे शब्द तर हललेच नाहीत, कारण प्रत्येक शब्दावर कोणाचा तरी हक्क टांगलेला होता आणि शब्द बदलला तर हक्क सिद्ध करताना अडचण येणार होती.

दिल्लीत 2019 मध्ये हायकोर्टाने पोलिसांना सांगितलं की प्राथमिक माहिती अहवाल सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहा, आणि न कळणाऱ्या 383 शब्दांची यादी झाली. तिथे ते योग्य होतं, कारण फिर्याद ही माणसाची स्वतःची हकीगत असते, ती त्याच्याच शब्दांत हवी. सातबारा ही हकीगत नसते. तो मागच्या सगळ्या कागदांना बांधलेला एक दुवा असतो. 2025 च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या उर्दू पाटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अदालत, हलफनामा, पेशी हे शब्द कोर्टात कसे रोज वावरतात याची आठवण करून दिली. त्या निकालाचं मी स्वागत करतो. पण हे शब्द आपले आहेत असं म्हणून भागत नाही. आपले असतील तर ते आपल्या माणसांना कळले पाहिजेत.

नानांचा व्यवहार झाला नाही. विकणाऱ्याला मुंतखब वाचून दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या आज्याने, बापाने आणि त्याने ती जमीन नांगरली होती, मारुतीपुढे रोज दिवा लावला होता, आणि घरात सगळे "आपलं इनाम" म्हणत आले होते. इसार त्याने दोन हप्त्यांत परत केला. त्याच्या घरातही "माश" म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. उतारा आता संगणकावरून निघतो, त्याच्या खाली जागा असते. इतर हक्काच्या रकान्यात जे संक्षेप आहेत ते पूर्ण शब्दात छापा आणि प्रत्येकाखाली एक ओळ साध्या मराठीत द्या. कोर्टाने पुरसिशीच्या नमुन्यावर आणि हुकूमनाम्याच्या शेवटी तेच करावं. या ओळी लिहायला निवृत्त अव्वल कारकून, जुने तलाठी, आम्हाला भेटले तसे उर्दू वाचणारे शिक्षक बसवावेत, ते आहेत तोवर. ओळी फार लांब नकोत. अशा पुरतील:

खिदमतमाश: देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली जमीन. कसणारा मालक नाही. विकत घेऊ नका, आधी मुंतखब पाहा.

मदतमाश: व्यक्तीला निर्वाहासाठी दिलेलं इनाम, आता रद्द. विकण्याआधी परवानगी आणि नजराणा भरला का ते पाहा.

भोगवटादार वर्ग 2: जमीन तुमच्या नावावर आहे, पण परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही.

दरखास्त: निकालाप्रमाणे ताबा किंवा पैसे मिळवण्यासाठी करायचं प्रकरण. ताबा किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापासून 12 वर्षांच्या आत करा.